आठवड्याला सहा गोळ्या : फ्रेंच औषधपत्रकातील इशारे वृद्ध रुग्णांसाठी मराठीत आणताना



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या रुग्णांत आता एक वर्ग नेहमीचा झाला आहे. मुले नोकरीनिमित्त परदेशी असतात, आईवडील तिकडे चार-सहा महिने राहून येतात आणि परतताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली औषधे सोबत आणतात. मुलगा इंग्लंड-अमेरिकेत असेल तर खोक्यातील पत्रक आपण कसेबसे वाचतो. मुलगा फ्रान्समध्ये असेल तर पत्रक फ्रेंचमध्ये असते. वृद्ध रुग्ण तो घडी घातलेला कागद आपल्यापुढे किंवा औषधविक्रेत्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "यात काय लिहिलंय तेवढं मराठीत सांगा." अशा वेळी सांगितलेले एक वाक्य शब्दशः बरोबर असूनही रुग्णाच्या जिवावर कसे बेतू शकते, हे मला एका रुग्णेने शिकवले. तिचा वृत्तान्त, माझ्या चुकीसह, येथे मांडत आहे. त्यावरून इशाऱ्यांच्या भाषांतराची जी पद्धत मी पुढे ठरवली, तीही सविस्तर देत आहे.

रुग्णवृत्त

सदर रुग्णा ७१ वर्षांची, डोंबिवली पूर्वेस राहणारी. अनेक वर्षांचा आमवात. मुलगा फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे नोकरीस. मुलाकडे मुक्काम असताना सांध्यांची सूज वाढली, म्हणून तेथील संधिरोगतज्ज्ञाने मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केले. मात्रा १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. गोळी अडीच मिलिग्रॅमची असल्याने दर सोमवारी सहा गोळ्या. जोडीला फॉलिक ॲसिड, तेही आठवड्यातून एकदाच, पण वेगळ्या दिवशी. तिकडे असेपर्यंत सून दर सोमवारी गोळ्या मोजून हातावर ठेवत असे. त्यामुळे काहीच अडचण आली नाही.

रुग्णा जूनमध्ये डोंबिवलीस परतली. फ्रेंच चिठ्ठीवर जे लिहिले होते त्याचा उच्चार साधारण असा : 'सी काँप्रिमे पार समेन, आँ यून सल प्रीझ, ल लँदी.' महाविद्यालयात फ्रेंच घेतलेल्या शेजारच्या मुलीने ते वाचून खोक्यावर पेनने लिहून दिले, 'आठवड्याला सहा गोळ्या.' चिठ्ठीच्या पहिल्या भागाचा हा अर्थ बरोबर आहे. मधल्या भागाचा अर्थ 'एकाच वेळी' आणि शेवटच्याचा 'सोमवारी' असा होता; तो खोक्यावर उतरला नाही. बाईंनी आपल्या समजुतीप्रमाणे हिशेब केला. आठवड्याला सहा, म्हणजे सोमवार ते शनिवार रोज एक आणि रविवारी सुट्टी. त्यांनी हे चार आठवडे निष्ठेने पाळले.

जुलैच्या अखेरीस त्या माझ्याकडे ठाण्यास आल्या. तक्रार अशी : "तोंड आलंय, घास उतरत नाही." त्याआधीच्या आठवड्यात दोन दिवस जुलाब होऊन गेले होते. जिभेच्या कडांवर आणि गालांच्या आत व्रण, दाह, अरुची. मी पित्तज मुखपाक असे निदान केले, यष्टिमधूच्या काढ्याचे गंडूष आणि खदिरादि वटी दिली आणि चार दिवसांनी मृदु विरेचन देण्याचे योजले. कोणती औषधे चालू आहेत असे मी विचारले होते. "सांध्यांची तिकडची गोळी आहे," एवढे उत्तर मिळाले आणि तेवढ्यावर मी थांबलो. येथे माझी चूक झाली.

चौथ्या दिवशी त्या आल्या तेव्हा अंगात ताप होता आणि दोन्ही नडग्यांवर बारीक लाल ठिपके दिसत होते. तेव्हा मात्र मी पिशवीतील खोके मागून घेतले. त्याच दुपारी रक्त तपासले : पांढऱ्या पेशी २,१००, बिंबिका ६२ हजार, क्रिएटिनिन १.७. विरेचन अर्थातच दिले नाही. त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवले. तेथे मेथोट्रेक्सेट बंद करून फोलिनिक ॲसिड व शिरेतून द्रव दिले गेले. अकराव्या दिवशी त्या घरी परतल्या. मी योजलेले विरेचन त्या दिवशी दिले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळू शकत नाही.

एकूण मात्रा तीच, मग अपाय कशाने?

हा प्रश्न त्यांच्या मुलाने दूरध्वनीवरून मला विचारला आणि तो योग्य आहे. आठवड्याचे १५ मिलिग्रॅम दोन्ही प्रकारे सारखेच होतात. मेथोट्रेक्सेट पेशींमधील फॉलेटच्या कार्यास अडथळा आणते. ज्या पेशी सतत नव्याने तयार होतात त्यांना याची झळ आधी बसते. अस्थिमज्जा आणि तोंडापासून आतड्यापर्यंतची अंतस्त्वचा यांत अशा पेशी असतात. आठवड्यातून एकदा औषध घेतले की मधल्या सहा दिवसांत या पेशी सावरतात. रोज थोडे थोडे घेतले तर सावरण्यास उसंतच मिळत नाही. म्हणजे येथे औषधकाल हाच मात्रेइतका महत्त्वाचा आहे, आणि आपल्या शास्त्रात वाढलेल्या वैद्याला हे पटवून देण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट वृक्कांची. हे औषध मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडते. वार्धक्यात वृक्कांचे कार्य मंदावलेले असते, आणि जुलाब-उलट्यांनी शरीरातील द्रव घटला की ते आणखी मंदावते. मग औषध शरीरात साठते. म्हणूनच पत्रकात जुलाब, उलटी आणि शरीर कोरडे पडणे यांविषयी स्वतंत्र इशारा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात जुलाबाची साथ नेमाने येते. शिवाय आपण स्वतः वमन आणि विरेचन देतो. फ्रान्समध्ये पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात विरेचनाचा विचार नसणार. पण त्या इशाऱ्याचा आपल्या दवाखान्यातील अर्थ 'मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या वृद्धास त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याखेरीज शोधन देऊ नये' असाच होतो.

रोज घेण्याची ही चूक आपल्याकडेच होते असे नाही. युरोपमध्येही ती वारंवार घडली आणि काही रुग्ण दगावले. म्हणून युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये खोक्यावर 'आठवड्यातून एकदाच' असा ठळक इशारा, बाटलीऐवजी पत्र्यांतील गोळ्या आणि रुग्णाजवळ ठेवण्याचे सूचनाकार्ड सुचवले. मात्र हा सगळा बंदोबस्त त्या भाषेच्या वाचकासाठी आहे. डोंबिवलीच्या घरात तो मराठीत नव्याने उभा करावा लागतो.

पत्रकात इशारे कोठे सापडतात

फ्रेंच पत्रकाला त्या भाषेत 'नोतीस' म्हणतात. त्याची मांडणी ठरलेली असते आणि ही गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. प्रत्येक पत्रकात सहा क्रमांकित भाग असतात. पहिल्यात औषध कशासाठी आहे ते, दुसऱ्यात घेण्यापूर्वी जाणून घ्यायच्या गोष्टी, तिसऱ्यात कसे घ्यावे, चौथ्यात संभाव्य अपाय, पाचव्यात साठवण, सहाव्यात घटक आणि उत्पादक. फ्रेंच येत नसले तरी आकडे पाहून आपण नेमक्या जागी पोहोचू शकतो. वृद्धासाठी लागणारे बहुतेक सर्व इशारे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागांत असतात. दुसऱ्या भागात 'कधीही घेऊ नका' अशी पहिली यादी असते, त्यानंतर सावधगिरी, मग इतर औषधांशी संबंध, मग अन्न व मद्य. तिसऱ्या भागाच्या शेवटी जास्त घेतल्यास, विसरल्यास आणि बंद केल्यास काय करावे हे तीन परिच्छेद असतात.

भाषांतर करणारी व्यक्ती फ्रेंच जाणणारी असावी हे उघड आहे. परंतु इंग्रजीच्या आधारे अर्थ लावणारे नातेवाईक आणि आपणही काही ठरावीक ठिकाणी घसरतो. त्यांपैकी मला प्रत्यक्षात भेटलेली चार ठिकाणे सांगतो.

पहिले ठिकाण स्वल्पविरामाचे. फ्रेंच लेखनात दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. त्यामुळे खोक्यावर '२,५' असे छापलेले दिसते. घरातील माणसे ते 'दोन-पाच' किंवा 'पंचवीस' असे वाचतात. मराठीत यावर सोपा उपाय आहे. आपल्याजवळ 'अडीच' हा शब्द आहे. तो अक्षरांत लिहावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

दुसरे ठिकाण नकाराचे. फ्रेंच वाक्यात क्रियापदाआधी 'न' आणि नंतर 'पा' आला की साधा नकार होतो, 'न' आणि 'झामे' आला की 'कधीही नाही' होतो. पण 'न' आणि नंतर 'क' आला तर नकार नसतो, अर्थ 'फक्त' असा होतो. 'हे औषध फक्त आठवड्यातून एकदाच घ्यावे' हे वाक्य या रचनेत असेल तर घाईने वाचणारा 'आठवड्यातून एकदा घेऊ नका' असा उलटा अर्थ काढतो. जेथे 'न' दिसेल तेथे वाक्य शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मराठी करू नये.

तिसरे ठिकाण इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांचे. 'मेद्सँ' हा शब्द औषधासारखा दिसतो, पण त्याचा अर्थ डॉक्टर असा आहे; औषधाला 'मेदिकामाँ' म्हणतात. 'आपल्या मेद्सँना विचारा' याचे 'आपली औषधे तपासा' असे झालेले मी पाहिले आहे. चौथ्या भागाच्या मथळ्यातील 'एव्हाँत्युएल' म्हणजे 'शेवटी होणारे' नव्हे, 'होऊ शकतील असे'. एका वृद्ध गृहस्थांना 'शेवटी होणारे परिणाम' असे सांगितल्यामुळे त्यांनी औषधच सोडून दिले होते.

चौथे ठिकाण लघुरूपांचे, आणि हे औषधविक्रेत्यांनी विशेष लक्षात घ्यावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गटाची वेदनाशामके फ्रेंच पत्रकात ए, आय, एन, एस या चार अक्षरांनी दाखवलेली असतात. आपल्या ओळखीच्या इंग्रजी लघुरूपाशी हे जुळत नाही, म्हणून हा इशारा नजरेतून निसटतो. मेथोट्रेक्सेट घेणारा वृद्ध गुडघा दुखतो म्हणून दुकानातून अशी गोळी परस्पर नेतो, त्याच्या वृक्कांवरचा भार वाढतो आणि मेथोट्रेक्सेट बाहेर पडण्यास अडथळा होतो. त्याच भागात ट्रायमेथोप्रिम हे नावही शोधावे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या एका संयुक्त गोळीत ते असते आणि मेथोट्रेक्सेटबरोबर ते देऊ नये.

शब्द बरोबर, अर्थ चुकीचा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'आठवड्याला सहा गोळ्या' या मराठी वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. दोष असा की ते दोन प्रकारे पाळता येते. इशाऱ्याचे भाषांतर तपासताना 'हे मूळाशी जुळते का' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'हे वाचून माणूस दुसरे काही करू शकेल का' हा प्रश्न विचारावा लागतो. शेजारच्या मुलीने पहिली कसोटी पार केली होती, दुसरी कोणी लावलीच नव्हती.

'दर आठ दिवसांनी' असे लिहावे तर आणखी एक गंमत आहे. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे पंधरवडा. फ्रेंच भाषेतही नेमकी हीच रूढी आहे, तिकडेही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतात. पत्रकात रक्ततपासणीविषयी पंधरा दिवस लिहिले असतील तर ते आपल्या पंधरवड्याप्रमाणेच समजावे. पण औषधाच्या बाबतीत असे बोलू नये. काटेकोर स्वभावाची व्यक्ती खरोखर आठ दिवस मोजते आणि सोमवारची गोळी पुढच्या खेपेस मंगळवारी, मग बुधवारी अशी सरकत जाते. वाराचे नाव लिहिले की मोजणीची गरज राहत नाही. आपल्या वृद्धांचे सोमवार, गुरुवार, शनिवार उपवासामुळे पक्के लक्षात असतात. फक्त औषधाचा वार उपवासाचा नसावा, कारण उपवासाच्या दिवशी औषध टाळण्याकडे कल असतो. वार बदलायचा झाल्यास तो डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावा.

लक्षणांची नावे आणि क्रम

चौथ्या भागात अपायांची यादी वारंवारतेनुसार असते. दहांपैकी एकापेक्षा अधिकांना होणारे आधी, मग शंभरांत, हजारांत, दहा हजारांत असे उतरत जाते. ही मांडणी माहितीसाठी ठीक आहे, पण वृद्धाला कृतीसाठी निराळा क्रम लागतो. मळमळ वरच्या रांगेत आणि कमी जणांना होणारे, पण जिवावर बेतणारे अपाय खालच्या रांगांत असतात. वाचणारा वरच्या चार ओळी वाचून थांबतो. म्हणून मराठी कागदावर क्रम बदलावा. 'त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा' अशी लक्षणे आधी, 'पुढच्या भेटीत सांगा' अशी नंतर.

लक्षणांना रुग्णाच्या तोंडचे शब्द द्यावेत. 'मुखपाक' लिहिले तर आपल्याला कळते, रुग्णाला 'तोंड येणे' कळते. 'रक्तस्रावाची प्रवृत्ती' लिहिण्याऐवजी 'हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे, शी काळी होणे' असे लिहावे. 'शुष्क कास व श्वासकष्ट' याऐवजी 'कोरडी ढास लागणे, धाप लागणे'. 'निर्जलीकरण' याऐवजी 'जुलाब किंवा उलट्या होणे, लघवी फार कमी होणे'. शासकीय परिभाषेतील शब्द शास्त्रीय लेखात शोभतात. वृद्धाच्या उशाशी ठेवायच्या कागदावर ते कामाचे नाहीत.

येथे आपल्यासाठी एक स्वतंत्र सूचना आहे. मेथोट्रेक्सेट अधिक झाल्याची पहिली खूण बहुधा तोंडातच दिसते. ताप आणि रक्ताचे ठिपके मागून येतात. तोंड आलेला रुग्ण आधी आपल्याकडे येतो, कारण ही तक्रार आपल्या शास्त्राची आहे असे लोक मानतात. आमवाताच्या रुग्णास मुखपाक झाला असेल तर पित्ताचा विचार करण्यापूर्वी 'आठवड्याची गोळी चालू आहे का, आणि ती कोणत्या वारी घेता' हे विचारावे. उत्तरात दोन वार आले तर त्याच दिवशी रक्ततपासणी आणि मूळ डॉक्टरांशी संपर्क. व्रणांचे स्वरूप पाहून हा भेद खात्रीने करता येत नाही, तो रक्त तपासूनच कळतो.

मद्य म्हणजे काय?

दुसऱ्या भागातील एक इशारा मद्याविषयी असतो, कारण औषध यकृतावर ताण आणते. 'मद्यपान टाळा' हे भाषांतर अचूक आहे आणि आमच्या रुग्णेला ते वाचून दाखवले असते तर त्या हसल्या असत्या, कारण त्यांनी जन्मात दारू पाहिली नव्हती. पण त्यांच्या पिशवीत दशमूलारिष्टाची बाटली होती आणि रात्रीच्या जेवणानंतर चार चमचे चालू होते. आसव-अरिष्टांत संधानाने तयार झालेले मद्य असते, साधारण पाच ते दहा टक्के. चार चमच्यांतून पोटात जाणारे मद्य अल्पच आहे, त्याने अनर्थ होतो असे मी म्हणत नाही. परंतु रोज चालणारे औषध असल्याने डॉक्टरांना ते माहीत असले पाहिजे, आणि 'दारू पीत नाही' या उत्तरात ते दडून राहते. म्हणून मराठी कागदात 'आसव, अरिष्ट' हे शब्द स्पष्ट हवेत. 'इतर औषधे' या शब्दांविषयी हेच म्हणता येईल. आपल्याकडील रुग्ण काढा, गुग्गुळ, भस्म यांना 'औषध' समजून सांगत नाहीत. ते 'आपलं घरचं' असते. कागदात त्यांची नावे आली की रुग्ण बोलू लागतो.

वृद्धासाठी तयार केलेला कागद

मूळ डॉक्टरांकडून मात्रा व वार पक्का करून घेतल्यावर मी जो कागद देतो त्याचा मजकूर पुढीलप्रमाणे असतो.

मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅमची गोळी.
ही गोळी रोज घ्यायची नाही.
फक्त सोमवारी घ्यायची. सोमवारी सहा गोळ्या, एकाच वेळी.
मंगळवार ते रविवार एकही गोळी नाही.
सोमवारी विसरलात तर मनाने घेऊ नका. दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.
तोंड आले, घसा दुखला, ताप आला, कोरडी ढास किंवा धाप लागली, अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आले, शी काळी झाली, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.
जुलाब किंवा उलट्या झाल्या तरी पुढची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.
दुखण्याची दुसरी गोळी, काढा, आसव, अरिष्ट, गुग्गुळ डॉक्टरांना विचारूनच.
कोणत्याही दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात गेलात तर हा कागद आधी दाखवा.

अक्षरे ठळक आणि मोठी, वर्तमानपत्राच्या मथळ्याएवढी. एका ओळीत एकच सूचना. आकडे अक्षरांत लिहिण्याचे कारण केवळ स्वल्पविराम नाही. मराठी '१' हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि खोक्यावर इंग्रजी आकडे व कागदावर मराठी आकडे असले की मोतीबिंदू झालेली नजर गोंधळते. फॉलिक ॲसिडचा कागद वेगळा करावा आणि शक्यतो वेगळ्या रंगाचा. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळट असू शकतात आणि अदलाबदल झाली तर ती हातात घेऊन कळत नाही.

कागद दिल्यावर 'समजले का' असे विचारू नये. वडीलधारी माणसे वैद्याचा मान राखण्यासाठी 'हो' म्हणतात. त्याऐवजी मी विचारतो, "आजी, मंगळवारी किती गोळ्या घ्याल?" उत्तर 'एकही नाही' असे आले तरच कागद कळला. पहिल्या खेपेस 'एक' असे उत्तर देणारे रुग्ण मला भेटले आहेत, आणि त्यांच्या हातात बरोबर मजकुराचा कागद होता.

औषधविक्रेत्यांसाठी

परदेशातून आणलेला साठा संपतो तेव्हा दुसरा धोका सुरू होतो. रुग्णाच्या डोक्यात 'सोमवारी सहा' हे पक्के बसलेले असते. आपल्याकडे मेथोट्रेक्सेट अडीच, पाच, साडेसात, दहा अशा निरनिराळ्या ताकदीत मिळते. दुकानात अडीचची गोळी नाही म्हणून दहाची दिली आणि रुग्णाने सवयीने सहा घेतल्या, तर १५ ऐवजी ६० मिलिग्रॅम पोटात जाते. त्यामुळे ताकद बदलू नये. अडीचची मागवून घ्यावी किंवा इथल्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणि नवा कागद करून घ्यावा, आणि जुना कागद रुग्णासमोर फाडून टाकावा. एका वेळी चार आठवड्यांपुरत्या, म्हणजे चोवीसच गोळ्या द्याव्यात. चोवीस गोळ्या संपवून रुग्ण चार आठवड्यांच्या आत परत आला तर तीच धोक्याची घंटा आहे. आमच्या रुग्णेच्या बाबतीत मात्र ही घंटा वाजली नसती, कारण रोज एक घेऊनही तिच्या आठवड्याला सहाच गोळ्या संपत होत्या. म्हणून गोळ्या देताना वार विचारणे अटळ आहे.

मर्यादा

असा कागद मूळ पत्रकाची जागा घेत नाही. त्यात आपण चाळीस गोष्टींतून आठ-नऊ निवडतो, आणि निवडताना काय गाळले हे आपल्याला माहीत असावे लागते. म्हणून संपूर्ण पत्रक घरातील वाचू शकणाऱ्या व्यक्तीकडे ठेवावे. वैद्याने या कागदाच्या आधारे मात्रा कमीजास्त करू नये. जे वाक्य कळत नाही त्याचे अंदाजाने मराठी करू नये; ती जागा मोकळी ठेवून फ्रान्समधील मुलाला किंवा सुनेला तेथील औषधविक्रेत्याकडे विचारण्यास सांगावे.

आमची रुग्णा आता बरी आहे. तिच्या संधिरोगतज्ज्ञांनी औषध पुन्हा सुरू केले नाही. मी मात्र माझ्या रुग्णपत्रिकेत एक रकाना वाढवला आहे. 'चालू औषधे' या रकान्यापुढे आता 'कोणत्या वारी' असेही छापलेले असते.